आर्याच्या राहिलेल्या दोन लसींबद्दल

देवगड, 23 जून 2025

मा. मुख्याध्यापिका मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी आर्याची आई, इयत्ता पहिली अ, हजेरी नंबर 14. शाळेने लसीकरणाचं कार्ड 30 तारखेपर्यंत मागितलंय, ते सोबत जोडलंय. त्यात दोन रकाने रिकामे दिसतील, एमएमआरचा तिसरा डोस आणि कांजिण्यांचा दुसरा. ते आमच्याकडून राहून गेलेले नाहीत, डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय, आणि का ते तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्र.

जानेवारीत आर्याला पाच दिवस ताप उतरेचना. आधी सगळे व्हायरल म्हणाले, आम्हालाही तेच वाटलं. मग डोळे लाल झाले, ओठ फुटून रक्त यायला लागलं, जीभ लालभडक आणि अंगावर पुरळ. इथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी लगेच कोल्हापूरला पाठवलं, रात्रीच्या गाडीने गगनबावडा घाट चढून गेलो. तिथे कावासाकी निदान झालं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण वेळेत उपचार झाले नाहीत तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या फुगू शकतात. 14 जानेवारीला तिला आयव्हीआयजी दिलं, वजन 17 किलो म्हणून 34 ग्रॅम, रात्रभर थेंब थेंब ड्रिप चालू होती आणि सकाळी ताप उतरला. आठवड्याभराने बोटांच्या टोकाची सालं निघाली, ती मी अजून विसरलेले नाही. इको दोन वेळा झाला, दोन्ही नॉर्मल, ॲस्पिरिनची गोळी मार्चमध्ये बंद झाली, आता तिला काही त्रास नाही.

आता लसीचं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज, त्यात गोवर-कांजिण्यांच्याही असतात आणि त्या मुलाच्या अंगात बरेच महिने राहतात. एमएमआर आणि कांजिण्यांची लस म्हणजे जिवंत पण कमजोर केलेला विषाणू, तो अंगात गेला की शरीर त्याच्याकडून शिकतं. पण शिकायच्या आतच या बाहेरच्या अँटीबॉडीज त्याला संपवतात, म्हणजे सुई टोचली तरी लस वाया. म्हणून एवढ्या डोसनंतर या दोन लसींना 11 महिने थांबायचं असतं. ते 14 डिसेंबरला पुरे होतात, त्या दिवशी रविवार आहे म्हणून डॉक्टरांनी सोमवार 15 डिसेंबर ही तारीख दिलीय. दोन्ही लसी त्याच दिवशी घेऊ आणि कार्ड दुसऱ्या दिवशी शाळेत आणून देईन. डॉक्टरांचं पत्र आणि डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स जोडतेय.

बाकीच्या लसींना हा नियम नाही, म्हणून डीपीटीचा दुसरा बूस्टर 7 मे ला आरोग्य केंद्रात जाऊन घेतला. एमआरचे दोन्ही डोसही लहानपणीच वेळेवर झालेत. हे मुद्दाम लिहितेय कारण गेटवर एक दोघी पालकांनी "तुम्ही लसी देत नाही का" असं विचारलं आणि ते मला लागलं. आम्ही लसीच्या विरुद्ध अजिबात नाही, उलट ती डिसेंबरची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय आणि घरी सासूबाई रोज विचारतात, "चेडवाची सुई रवली ती कित्याक?"

मॅडम, दोन विनंत्या आहेत. पहिली म्हणजे वर्गात कुणाला गोवर किंवा कांजिण्या झाल्या, नुसता संशय असला तरी, मला त्याच दिवशी कळवा. तिचा एकेक डोस बाकी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय की असं झालं तर तासभरही न थांबता फोन करा, मग काय करायचं ते ते ठरवतील. पावसात आमच्या वाडीत रेंज जाते, माझा फोन लागला नाही तर तिला सोडणाऱ्या रिक्षावाल्या काकांकडे चिठ्ठी दिलीत तरी चालेल, त्यांना मी सांगून ठेवलंय. दुसरी म्हणजे शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं आणि लस द्यायची असं निघालं, तर मला विचारल्याशिवाय तिला देऊ नका, आणि वर्गशिक्षिका बाईंनाही हे सांगून ठेवा.

तोपर्यंत तिला वर्गात सगळ्यांसोबत बसू द्या, खेळू द्या, तिच्यापासून कुणाला काही धोका नाही. आजारपणात तिचा बालवाडीचा महिनाभर बुडाला आणि आता ती रोज सकाळी सातलाच दप्तर पाठीला लावून पडवीत उभी असते.

काही विचारायचं असेल तर मी शुक्रवारी शाळा सुटताना येईन, तेव्हा कार्डची मूळ प्रतही दाखवते.

आपली,
आर्याची आई
पहिली अ