वॉर्निंग आहे, एरर नाही

सप्टेंबरमधे पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, मिसळीचा रंग असेल. आदल्या दिवशी रविवार होता, मखमलाबाद रोडला मित्रांसोबत काळ्या मसाल्याची मिसळ झालेली, तीनदा रस्सा मागून घेतलेला आणि दही नको म्हटलेलं कारण दही घेतलं की मन्या हसतो. पण मिसळीचा रंग असा टपटप पडत नाही हे मलाही कळत होतं. फक्त दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही. लॉग बघताना पण आम्ही हेच करतो, पिवळ्या ओळी सोडून द्यायच्या, लाल आली की बघू. इथे तर लालच आली होती, पण जाऊ दे.

कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेचा आणि मी पाथर्डी फाट्याला आईबाबांच्या टू बीएचकेत. दुपारी बाराला बसायचं ते रात्री साडेअकराला उठायचं. आमच्या स्टँडअपला कुणी उभं नसतं हे सांगायला नको. खुर्ची म्हणजे डायनिंग टेबलची, त्यावर उशी. आई भाजी वाढायची आणि मी मीटिंगमधे म्युट करून फक्त पोळी लोणचं उरकायचो, पाण्याची बाटली भरलेली तशीच. सकाळी संडासात मोबाईल घेऊन चाळीस मिनिटं. बाहेरून आई ओरडायची, अरे आत काय घर बांधतोयस का. कुंथायचं, रील बघायचं, परत कुंथायचं. मला तर तो दिवसातला एकच वेळ वाटायचा जेव्हा कुणी पिंग करत नाही.

एकदा रात्री गुगल केलं. तिसऱ्याच ओळीत कॅन्सर आला, टॅब बंद केला, हिस्टरी पण उडवली. मग मेडिकलमधे जायचं ठरवलं, फाट्यावरचं नाही कारण तिथला काका बाबांना ओळखतो, गाडी काढून मुद्दाम इंदिरानगरला गेलो. काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी. काय देऊ विचारलं. मी म्हटलं, क्रोसिन. त्या महिन्यात माझ्याकडे क्रोसिनच्या चार पट्ट्या जमल्या, यावरून काय ते समजा.

आईने सुरणाची भाजी केली तर मी नाक मुरडायचो. बाबा मात्र मुकाट्याने दोनदा घ्यायचे. तेव्हा काही क्लिक झालं नाही.

मग जानेवारी. थंडी मरणाची, पाणी अजूनच कमी, आणि त्या आठवड्यात रिलीज. तीन दिवस पोट साफ नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी जोर लावून कसंबसं झालं आणि उठताना तिथे काहीतरी चमकलं, म्हणजे वीज चमकावी तसं. हात लावला तर गाठ. घट्ट, टणक, आपल्या जंबो द्राक्षाएवढी. मोबाईलचा कॅमेरा लावून बघितलं (हो, बघितलं, हसू नका) तर रंग पण तोच, काळपट निळा.

रात्री दहाला डिप्लॉयमेंट कॉल सुरू. बसता येईना. एका कुल्ल्यावर बसलो, मग दुसऱ्या, मग लॅपटॉप उचलून कपड्यांच्या इस्त्रीच्या टेबलवर ठेवला आणि उभं राहिलो, तर उभं पण राहवेना, आत कुणीतरी नाडी पकडून ठोकतंय असं. कॅमेरा बंद. मॅनेजर विचारतोय तुझ्या बाजूने सगळं ग्रीन आहे ना, मी म्हणतोय येस ऑल ग्रीन, आणि डोळ्यातून पाणी. साधा खोकला आला तरी टाळूपर्यंत कळ जायची. दीड वाजता कॉल संपला. पालथं झोपलो, कुशीवर झोपलो, उशी चावली. अडीचला बाथरूममधे जाऊन नळ सोडला आणि बेसिनला धरून अक्षरशः कण्हलो, नळाच्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून.

दारावर टकटक. "उघड."

बाबा. कानटोपी, स्वेटर, हातात टॉर्च का होता देव जाणे. माझ्याकडे एकदा बघितलं, मी कसा उभा आहे ते बघितलं, पाय फाकवून.

"कोंब आलाय का बाहेर?"

मी गप्प. पुढे काहीच विचारलं नाही त्यांनी. गिझर चालू केला, कपडे भिजवायचा निळा टब आणला, पाणी घालून कोपर बुडवून बघितलं, जसं लहान बाळासाठी बघतात. "बस यात. दहा-पंधरा मिनिटं. चटका बसला तर सांग." आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसले.

पाण्यात बसल्यावर पहिल्यांदा श्वास पूर्ण घेता आला. दुखणं गेलं नाही, पण ठोकणं जरा लांब गेलं.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "गाडीत माझ्या सीटवर रिंग असायची, आठवते?"

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नाशिक-मुंबई, कसारा घाट, बत्तीस वर्षं. ती काळी रबरी रिंग मला चांगलीच आठवत होती, लहानपणी मी ती घेऊन पोहायला जायचा हट्ट करायचो आणि आई हातातून ओढून घ्यायची. घरात सगळ्यांना माहीत होतं की बाबांची कंबर दुखते. कंबर.

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"ड्युटी असायची."

सकाळी शेजाऱ्यांची कार मागितली. मी मागच्या सीटवर आडवा, एका कुशीवर. फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत किती गतिरोधक आहेत ते मला त्या दिवशी कळलं, म्हणजे मोजून कळलं, धक्का एकाचाही बसला नाही. बाबा प्रत्येकाच्या आधी पहिल्या गिअरवर यायचे आणि गाडी अशी चढवून उतरवायचे की मागे फक्त झोका. मागून हॉर्न, एकाने तर शिवी पण घातली. बाबांनी मान सुद्धा वळवली नाही.

सर्जनने पाच मिनिटात सांगितलं, बाहेरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीये, बहात्तर तासांच्या आत आलात ते बरं, जागा बधिर करून काढू. सुई घुसली तेव्हा मी काय ओरडलो ते लिहीत नाही. नंतर मात्र अर्ध्या तासात वेगळा माणूस. मग त्यांनी विचारलं, आधी रक्त जायचं का? मी म्हटलं सप्टेंबरपासून. पेन खाली ठेवला त्यांनी. ते रक्त या गाठीचं नव्हे, आत वेगळं काही असणार, ही जखम भरली की आतून तपासू, आणि रक्त गेलं म्हणजे पाइल्सच असं आपलं आपण ठरवायचं नाही. मग मोबाईल संडासात नेता का? मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

पुढचं पटकन सांगतो. इसबगोल, पाणी, दिवसातून तीनदा टब, आईची सुरणाची भाजी आता मीच मागून घेतो. लंच ब्रेकचा अर्धा तास कॅलेंडरमधे ब्लॉक केलाय आणि मिसळीत दही घेतो, मन्या हसला तर हसू दे.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो, बाबा सोबत. आतले मूळव्याधच निघाले, दुसऱ्या ग्रेडचे, औषधाने भागेल म्हणाले. माझं झालं तरी मी खुर्चीवरून उठलो नाही. काउंटरवर येतानाच दुसरा केस पेपर काढला होता, तो डॉक्टरांपुढे सरकवला.

बाबांनी नाव वाचलं. "मला काय झालंय?"

"कंबर," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन बसलो.