गुऱ्हाळ मालक मेळाव्याचे मुख्य प्रायोजकत्व स्वीकारण्याबाबत

दि. 15 जून 2026

प्रति,
मा. विपणन प्रमुख,
अन्नपदार्थ पॅकिंग यंत्रे विभाग,
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर

स. न. वि. वि.

शनिवार, 29 ऑगस्ट 2026 रोजी सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत कोल्हापुरात गुऱ्हाळ मालकांचा एक दिवसाचा मेळावा भरवत आहोत. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी आणि शाहूवाडी या तालुक्यांतून 250 गुऱ्हाळ मालक नोंदणी करून येतील, एवढीच मर्यादा ठेवली आहे. आपल्या कंपनीने मुख्य प्रायोजक व्हावे आणि त्यासाठी 1,80,000 रुपये द्यावेत, अशी विनंती आहे. या पैशातून आपल्या पदरात काय पडेल ते पुढे लिहिले आहे. काय पडणार नाही, तेही लिहिले आहे.

आधी तारखेविषयी. हंगाम दिवाळीच्या आसपास जोर धरतो. काहील बदलायची, चुलवण दुरुस्त करायचे, नवे यंत्र घ्यायचे हे त्याआधी ठरते. एकदा आधण चढले की मालकाला मान वर करायला फुरसत नसते. यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपक्ष. पितृपक्षात यंत्राचा बयाणा सहसा कोणी देत नाही. म्हणजे चौकशी, भाव आणि निर्णय यांसाठी हातात राहतो तो ऑगस्टअखेर ते गणपती एवढाच काळ, आणि मेळावा त्याच्या तोंडाशी ठेवला आहे.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मार्केट यार्डातल्या सौद्यात जाणाऱ्या 30 किलोच्या रव्यावर ते ग्राहकाला दिसत नाही. पुढे तो फोडून सुटा विकला गेला की कोणाच्या गुऱ्हाळाचा, साखर घातलेला की बिनसाखरेचा, हे सांगायला काही उरत नाही. म्हणून अर्धा किलो-एक किलोचे खडे, पावडर आणि काकवीच्या बाटल्या यांकडे मालक वळू लागले आहेत. यंत्र कोणते घ्यावे यावर मात्र बहुतेक जण अडतात, कारण साखर किंवा मसाल्यावर चालणारे यंत्र गुळावर चालेलच असे नाही. गूळ कोमट असताना कापला तर पात्याला धरतो. पावडरीचे कण सीलच्या पट्टीत अडकले की पाकीट वरून बंद दिसते आणि पंधरवड्यात आत गोळा होतो. पावसाळी हवेत तर पावडर हॉपरमध्येच गुठळ्या धरते.

त्यामुळे आपला मुख्य लाभ म्हणजे दुपारी 12 ते 1.30 चे प्रात्यक्षिक. भाषण नको, यंत्र चालवा. तिन्ही प्रकारचा गूळ आम्ही पुरवू: निवलेले खडे 60 किलो, पावडर 40 किलो, काकवी 30 लिटर. थ्री-फेज जोडणी आणि जनरेटर आमच्याकडून. कॉम्प्रेसर, पॅकिंग फिल्म आणि चालक आपण आणावेत. पावडरीसाठी हवेतला ओलावा खेचणारे यंत्र बसवलेली बंद खोली लागेल, ती सभागृहाला लागूनच घेतली आहे. ऑगस्टच्या हवेत पाकीट टिकले तर मालकाला वेगळे पटवावे लागत नाही. यंत्र अडले तर तेही सर्वांसमोर अडेल, म्हणून आदल्या दिवशी दुपारी 3 पासून चाचणीसाठी जागा खुली ठेवू. भरलेल्या पाकिटांतून प्रत्येकाला एक घरी नेऊ द्यावे. महिनाभराने ते उघडून बघितल्याशिवाय राहणारा माणूस आमच्या धंद्यात विरळा.

दुसरा लाभ नोंदणीचा. अर्जात रोजची आधणे, गुळाचा प्रकार, सध्याचे पॅकिंग, वीज सिंगल-फेज की थ्री-फेज, आणि या हंगामात यंत्र घ्यायचा विचार आहे का, हे पाच प्रश्न आहेत. ज्यांनी संमतीच्या रकान्यात सही केली त्यांचीच माहिती फोन क्रमांकासह 1 सप्टेंबरला आपल्याला देऊ. सरसकट यादी देणार नाही. न विचारता फोन गेले तर पुढच्या वर्षी कोणी खरा क्रमांक लिहिणार नाही.

पॅकिंग यंत्रांच्या वर्गात दुसऱ्या कोणालाही स्टॉल देणार नाही. फिल्म, वजनकाटे, काहिली यांचे स्टॉल असतील. आपला 20 बाय 10 फुटांचा स्टॉल जेवणाच्या दालनाच्या वाटेवर आहे. दाराजवळची जागा मानाची दिसते खरी, पण तिथून लोक फक्त आत येतात, थांबत नाहीत.

400 प्रतींच्या पुस्तिकेचे शेवटचे पान आपले. रसाचा सामू, चुन्याची निवळी, भेंडीचे पाणी, उतरवणीचे तापमान (ढेपेच्या गुळाला साधारण 116 ते 118 अंश) आणि गंधक डायऑक्साइडची दशलक्षात 70 भागांची मर्यादा यांचा तक्ता त्यात असल्याने ती गुऱ्हाळात खिळ्याला टांगली जाते. फलक, पत्रिका आणि ओळखपत्रांवर बोधचिन्ह असेलच.

जे मिळणार नाही ते असे: तज्ज्ञांच्या भाषणात आपल्या यंत्राची शिफारस, हायड्रॉस व भेसळीवरच्या सत्रात काही बदल, आणि विक्रीची हमी.

खर्च 3,10,000 रुपये आहे. सभागृह व ध्वनी 85,000, 320 जणांचे चहा-नाश्ता-जेवण 70,400, प्रात्यक्षिकाची वीज, जनरेटर, खोली व गूळ 62,000, छपाई 36,000, गुळाच्या 40 नमुन्यांची प्रयोगशाळा तपासणी 36,000, वाहतूक व किरकोळ 20,600. प्रत्येकी 200 रुपये नोंदणी शुल्काचे 50,000 आणि आठ लहान स्टॉलचे 80,000 वजा जाता 1,80,000 उरतात, तीच मागणी आहे. 250 मालकांवर भागिले तर माणशी 720 रुपये. आपला विक्री प्रतिनिधी शाहूवाडीच्या एका गुऱ्हाळावर गाडीने जाऊन येतो तेव्हा किती खर्च होतो, तो आकडा शेजारी ठेवून पाहावा.

रक्कम तीन हप्त्यांत हवी: 10 जुलैपर्यंत 90,000, 20 ऑगस्टपर्यंत 60,000, आणि उरलेले 30,000 अहवाल पोहोचल्यावर. प्रत्यक्ष हजेरी 200 च्या खाली गेली तर शेवटचा हप्ता देऊ नये. हजेरीपत्रक, चौकश्यांची नोंद आणि छायाचित्रे यांचा अहवाल 8 सप्टेंबरला मिळेल.

पावसाचे काय, हे विचाराल. 26 ऑगस्टला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीवर असेल तर मेळावा रविवार, 6 सप्टेंबरला त्याच सभागृहात होईल. तसे बोलून ठेवले आहे. तेव्हा वरच्या माहिती व अहवालाच्या तारखा आठ दिवसांनी पुढे जातील. दिलेले पैसे तसेच वर्ग होतील, आपल्याला त्या दिवशी येणे जमणार नसेल तर पूर्ण परत.

हिशोब विभागासाठी: ही रक्कम जाहिरात खर्चातून द्यावी, सीएसआरमधून नको. विपणनाचा लाभ घेऊन केलेले प्रायोजकत्व 2021 च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमध्ये बसत नाही. आमची समिती कंपनी नसल्याने प्रायोजकत्वावरचा 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपल्याकडे येईल, तो वरील रकमेत धरलेला नाही. आपल्या सनदी लेखापालांकडून एकदा खात्री करून घ्यावी.

पुस्तिका 15 जुलैला छपाईला जाते, म्हणून होकार-नकार 30 जूनपर्यंत कळवावा. त्याआधी यंत्राची लांबी-रुंदी, वजन आणि वीजभार कळला तर बंद खोलीचे दार पुरते का ते मोजून ठेवू. वाटल्यास समितीचे दोघे शिरोलीला येऊन यंत्र पाहून जातील, येताना पाच किलो गूळ घेऊनच येतील.

कळावे,

आपला नम्र,
कार्यवाह, आयोजन समिती
गुऱ्हाळ मालक मेळावा, शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर

सोबत: सभागृहाचा नकाशा, नोंदणी अर्जाचा नमुना, दिवसभराचा कार्यक्रम