एक सत्र रोज वापरल्यानंतर: पाय खूश, चवडा सोललेला

पाचपैकी साडेतीन. आरामाला पैकीच्या पैकी गुण, सोल चिकटवण्याच्या कामाला जेमतेम पास.

काळा बूट, वेल्क्रोचे दोन बंद, वरचं सिंथेटिक, तळाला टीपीआरचा सोल, साईझ ३. जून २०२५ मध्ये शाळा उघडायच्या आधी ८९९ रुपयांना घेतला. वापरणारा पाचवीतला मुलगा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सोमवार ते शुक्रवार हाच जोड, शनिवारी पीटीचे पांढरे कॅनव्हास. इथली बरीच मतं खोकं उघडल्या दिवशी लिहिलेली दिसतात: मस्त आहे, चमकतो, वेळेवर आला. नवा बूट चमकणारच. बडोद्याचा पावसाळा पाहून झाल्याशिवाय काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पहिल्या दिवसापासून बूट चावला नाही, हे सगळ्यात आधी सांगते. आमच्याकडे दर जूनमध्ये टाचेवर फोड, मग पट्टी, मग 'आज चपलेवर जाऊ का' हे ठरलेलं. या बुटाच्या मागच्या कडेला मऊ गादी आहे आणि टाचेची शिवण आतून झाकलेली आहे, त्यामुळे घासायला काही उरतच नाही. चवड्याकडेही रुंद आहे, बोटं एकमेकांवर चढत नाहीत. खरी परीक्षा नवरात्रात झाली. रात्री मैदानावर अनवाणी गरबा, तळपाय सोलवटलेले, आणि सकाळी सातला वर्दीची रिक्षा दारात. त्या आठवड्यातही त्याने बुटाची तक्रार केली नाही. झोपेची केली, त्याला बूट जबाबदार नाही.

पावसातलं मात्र दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. पकड उत्तम. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये कोटा स्टोन आहे आणि पावसाळ्यात तो कायम ओला असतो. मागच्या वर्षीच्या पीव्हीसी सोलवर हा दोनदा आपटला होता, यंदा एकदाही नाही. पण बूट एकदा आतून भिजला की लवकर वाळत नाही. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, तुंबलं की आमची रिक्षा लांबून फिरून येते आणि पोरं शेवटचा तुकडा पाण्यातून चालत येतात. मागची ती मऊ गादी अशा वेळी पाणी धरून ठेवते. रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी आत ओलसर लागतं आणि वास येतो. सुकतळा सुटा निघतो, ही त्यातल्या त्यात चांगली सोय: तो वेगळा वाळवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि झोपायच्या आधी एकदा बदलायचे. घाईघाईत हीटरसमोर किंवा गॅसजवळ ठेवू नका. उष्णतेने चिकटवण सुटते, आणि या बुटाचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आता त्या दुखण्याबद्दल. सोलच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याची सुबक टीप दिसते. फोटोत पाहून मला वाटलं शिवलेला आहे. हातात घेऊन नखाने उचकटून पाहिलं तर दोरा नाहीच, साच्यातच उठवलेली नक्षी! सोल फक्त चिकटवलेला आहे. या किमतीत चिकटवलेला असणं समजू शकते. पण टिपेचा देखावा कशासाठी? व्हायचं तेच झालं. ऑगस्टमध्ये डाव्या बुटाचा सोल, चालताना जिथे पाऊल मुडपतं तिथेच, बाहेरच्या बाजूने उघडला. बदलून मिळायची मुदत तोवर कधीच सरली होती. दांडिया बाजारातल्या मोचीकाकांनी दोन्ही बूट कडेने शिवून दिले, शंभर रुपयांत. वर म्हणाले, "बेन, नवा आणता तेव्हाच घेऊन या ना, फाटायची वाट कशाला बघता?" त्यानंतर सोल जागचा हललेला नाही. टाचेची बाहेरची कड झिजली आहे, पण ती सगळ्यांचीच झिजते. मधली नक्षी अजून शाबूत आहे.

उजवा चवडा बघवत नाही. चिरंजीव सायकलचा ब्रेक पायाने लावतात, रिसेसमध्ये दगडाला लाथा मारतात. सिंथेटिक म्हणजे कापडावर चढवलेला थर. तो एकदा सोलला की खालचं करडं कापड दिसतं आणि पॉलिश त्यावर बसत नाही. चामडं असतं तर ओरखडे पॉलिशमध्ये मुरले असते. युनिफॉर्म तपासणीच्या दिवशी आम्ही काळं लिक्विड पॉलिश फासतो, ते प्रार्थनेपुरतं टिकतं.

वेल्क्रो ठीक आहे. दोरे आणि केस अडकून पकड सैल होते, तेव्हा जुन्या टूथब्रशने खरवडायचं. एका बंदाचं टोक वळलंय, तरी लागतं.

पैशाचा हिशोब आमच्या घरी वादाचा आहे. मागच्या वर्षी मंगळ बाजारातून साडेचारशेचा जोड आणला होता, त्याने श्रावणातच राम म्हटला. त्याआधी मोठीला सतराशेचे चामड्याचे घेतले होते. ते वर्षभर जसेच्या तसे राहिले आणि पुढच्या जूनमध्ये तिच्या पायात शिरेनात. सासूबाई म्हणतात, चांगली वस्तू घ्यावी, धाकट्याला होते. मला नाही पटत. वर्षभर एकाच्या पायाने वाकलेला बूट दुसऱ्याच्या पायाला नीट बसत नाही, आणि मुलीचा पाय अरुंद, मुलाचा पसरट. वाढत्या पायाचा बूट मार्चपर्यंत टिकला की त्याचं काम झालं. त्यापुढच्या मजबुतीचे पैसे मी का मोजू? त्या हिशोबाने ८९९ अधिक शिलाईचे शंभर, म्हणजे हजाराच्या आत वर्ष निघतंय. सतराशेपेक्षा हे मला परवडतं, आणि साडेचारशेचे दोन जोड घेऊन पोराचे पाय सोलण्यापेक्षा तर नक्कीच.

आता घेणाऱ्यांना तोच जोड थोडा स्वस्त पडेल. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. मी घेतला तेव्हा हजाराच्या आतल्या बुटांवर बारा टक्के होता. सध्या इथे ८४५ दिसतोय. म्हणजे करातला फरक ग्राहकाच्या पदरात पडला आहे, हे नोंदवायला हरकत नाही.

साईझबद्दल: नेहमीचाच नंबर घ्या, पण माप संध्याकाळी आणि शाळेचे मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका; एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, दोन नंबरांत टाच वरखाली होते आणि मग ही मऊ गादीसुद्धा फोड आणते. आमच्याकडे जूनमध्ये सुटलेली जागा आता निम्मी उरली आहे.

दुसऱ्या सत्रात हाच जोड चालवणार आहे. पुढच्या वर्षी साईझ ४ घेईन तेव्हा खोक्यातून काढून थेट मोचीकाकांकडे नेईन. तुमचंही मूल पायाने ब्रेक लावणारं असेल तर मात्र चवड्यावर रबराची टोपी असलेला एखादा जोड आधी शोधा. या कंपनीने तो काढला तर मीही तोच घेईन, पन्नास-शंभर जास्त देऊन.