नळ

लीड्समधल्या घरात पाणी गेलं तेव्हा मुक्ताने बेसिनचा नळ उघडून बघितला. फुस्स. बूच लावून मोजे भिजत घातले होते. नळ तसाच सोडून ती लायब्ररीत गेली. परळच्या चाळीत नळ बंद कोण करतं? पहाटे साडेचारला तो खाकरला की घर उठतं.

रात्री पावणेअकराला ती परतली, तर स्वयंपाकघराच्या छताला टोपलीएवढा फुगा आणि दिव्याच्या वायरवरून टपटप. वर बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी. जादा पाणी जायला बेसिनच्या कडेखाली भोक असतं, त्यात एक मोजा ओढला जाऊन घट्ट बसला होता. आणि जमिनीला जाळी नाही, उतार नाही, मोरीच नाही! व्हिनाइलखाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली जिप्समचा बोर्ड. पाइपाच्या भोकातून पाणी सरळ खाली.

नळ बंद करून तिने बाबांना फोन लावला. ते प्लंबर, आणि पिंप भरायला जागे.

"आधी दिव्यांचा स्विच मीटरच्या पेटीतून पाड. कोरड्या हातांनी. मग बादली ठेव आणि फुग्याला मधोमध स्क्रूड्रायव्हरने भोक पाड."

"बाबा, छताला भोक?"

"पाणी एका जागी उतरू दे, नाहीतर अख्खा बोर्ड खाली येईल. थेट खाली उभी राहू नकोस."

मोबाइलच्या उजेडात दोन बादल्या भरल्या. उरलेलं पाणी चौघांनी टॉवेलांनी टिपलं, तरी फळ्यांच्या फटीतलं कसं निघणार? रूममेट अमेय म्हणाला, "वॉशर गेला म्हण. जुनाच नळ आहे." मुक्ता काही बोलली नाही.

सकाळी आठला घरमालक आले. साठीचे, हातात ओलावा मोजायचं यंत्र. त्याच्या दोन सुया भिंतीत टोचत ते खोलीभर फिरले. नळ उघडून, बंद करून पाहिला. वॉशर ठणठणीत होता.

"विम्याला कारण लिहून द्यावं लागेल," ते म्हणाले. "काय लिहू?"

अमेयने खिडकीकडे पाहिलं.

"नळ मी उघडा ठेवला होता," मुक्ता म्हणाली. "आणि हा मोजा."

"पाणी नसताना नळ उघडा का ठेवायचा?"

तिने साडेचारचं सांगितलं. तासभर येणारं पाणी, ओळीने लावलेली पिंपं, खाकरणारा नळ.

त्यांनी चष्मा काढला. "आणि जाग आलीच नाही तर?"

"शेजारच्या काकूंकडून दोन कळश्या."

ते हसले नाहीत. मोजा पिळून तिच्या हातात दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. "दुपारी हवा सुकवायचं मशीन आणतो. आठवडाभर चालेल, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, टाकी भरली की ओतायची. विजेचं बिल तुझं. विम्याच्या आधी माझ्या खिशातून जे जाईल, ते डिपॉझिटमधून."

"हो."

"छताला भोक कोणी पाडलं?"

"मी. बाबांनी फोनवर सांगितलं."

त्यांनी भोकात बोट घालून बोर्डाची कडा चाचपली. "बरोबर जागी पाडलंय," म्हणाले, आणि शिडी आणायला गाडीकडे गेले.