जेजुरी-पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट : आईबाबांना घेऊन जायचा प्लॅन

दादा, वहिनी, हे नीट वाचा आणि आज रात्रीपर्यंत सांगा, मग मी रूम बुक करते.

तारखा वार बघून धरल्यात. जेजुरीला रविवारी, तुळजापूरला मंगळवार-शुक्रवारी आणि अक्कलकोटला गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते, पंढरपूरला एकादशी नको. म्हणून पौष पौर्णिमा आणि संकष्टी उलटल्यावर, एकादशीच्या आत, रविवार ते गुरुवार.

रविवारी जेवून निघा, आईबाबांना घेऊन घोडबंदरहून येताना मला कोपरखैरण्याला घ्या. रविवारी संध्याकाळी घाटात गर्दी मुंबईकडे येणाऱ्यांची असते, आपली बाजू बरी. खालापूरला फूडमॉलवर थांबायचंच, बाबा "मला नाही जायचं" म्हणाले तरी उतरवायचं, पुढे हडपसरला अडकलो की हाल. मुक्काम सासवडला.

सोमवारी ऊन चढायच्या आत जेजुरी. बाबांना डोली करू, नको म्हणतील, तेव्हा दादा तूच बोल, माझं ऐकत नाहीत. कडेपठारचा विषय कोणी काढायचा नाही प्लीज. तळी उचलायला पाच जण लागतात, आपले बाबा, दादा आणि ड्रायव्हर मिळून तीनच, पण बाजूला उभे असलेले लोक आपणहून हात लावतात, तेवढं "येळकोट येळकोट" मोठ्याने म्हणा म्हणजे झालं. पान, सुपारी, खोबरं, भंडारा तिथे मिळतो. देवघरातले टाक मात्र आठवणीने घ्या आणि वहिनीच्या पर्समधे, डिकीत नको. मग लोणंद-फलटणवरून पंढरपूर, मधे दर दोन तासांनी थांबा.

मंगळवारी पहाटे विठोबा. आईला पायावर डोकं ठेवायचंय पण रांग फार लांब दिसली तर मुखदर्शन, हे तिला घरीच सांगून ठेवा, रांगेत रुसवा नको. चंद्रभागेचं पाणी डोळ्याला लावायचं, अंघोळ नाही. दुपारी आराम करून संध्याकाळी तुळजापूर.

खरी काळजी बुधवारची आहे. अभिषेक, खणा-नारळाची ओटी आणि नैवेद्य होईपर्यंत आई काही खाणार नाही आणि शुगरची गोळी तर सकाळीच असते. मी तिला म्हटलं दूध आणि केळं उपासाला चालतं की, तर "आपल्याकडे चालत नाही" म्हणाली. आता तिच्या डॉक्टरांना विचारून गोळीचं काय ते ठरवू, आपल्या मनाने मागेपुढे करायची नाही, आणि उपाध्यांना आधीच फोन करून पहिल्या अभिषेकाला नंबर लावू. तिथे पायऱ्या उतरून खाली जायचंय, सोपं वाटतं, पण वर येताना दोघांचे गुडघे बोलतील, त्यामुळे घाई नाही. संध्याकाळी अक्कलकोट, स्वामींचं दर्शन, मुक्काम तिथेच. गुरुवारी गर्दी व्हायच्या आत सोलापूर गाठून परत.

रूम सगळीकडे तळमजल्यावर आणि कमोडवाली बघतेय. वहिनी, ओटीची हिरवी साडी तू आणतेस की मी वाशीत घेऊ?