टावेल तुझा तुला, कंगवा माझा मला
(चोपडा तालुक्यातील वसतिगृह असलेल्या माध्यमिक शाळेत, जुलै महिन्यात, शालेय आरोग्य तपासणी पथकातील डॉक्टरांनी परिपाठात केलेलं भाषण)

मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, वसतिगृहाच्या बाई आणि मुला-मुलींनो, खाली बसा. पावसाने जरा उघडीप दिलीय, तोवर बोलून घेतो.

आज विषय फक्त तीन वस्तूंचा आहे: टावेल, कंगवा आणि दाढीचं ब्लेड. पाचवी-सहावीची मुलं म्हणतील, ब्लेडचं आम्हाला काय? ते शेवटी येईल, आणि तुमच्याही कामाचं आहे.

आपल्याकडे वस्तू मागायला लाज नसते आणि द्यायला कोणी नाही म्हणत नाही. "दे ना भो, तुना कंगवा" म्हटलं की कंगवा हातात. डबा वाटा, पुस्तक वाटा, सायकलवर डबलसीट न्या. पण अंगाला घासली जाणारी वस्तू देताना तुम्ही एकच तपासता: समोरच्याला काही झालंय का? दिसायला तर चांगला आहे, मग घे. चूक नेमकी इथेच होते. कातडीचे बरेचसे आजार दिसायच्या आधीच पसरायला लागतात.

खरजेचंच बघा. खरूज घाणीने होत नाही. एक बारीक किडा असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते आणि तिथेच अंडी घालते. पहिल्यांदा खरूज लागलेल्या मुलाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पंधरा दिवस ते दीड महिना तो मजेत हिंडतो, खेळतो, शेजारच्याच्या चादरीत झोपतो, आणि त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. मग रात्री खाज सुरू होते. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, काखेत. तोवर खोलीतल्या आणखी चौघांकडे किडा पोचलेला असतो. खरं सांगायचं तर खरूज जास्त करून अंगाला अंग लागून, एकाच अंथरुणात झोपून पसरते. टावेल आणि कपड्यांचा वाटा त्यामानाने कमी. पण किडा अंगाबाहेरही दोन-तीन दिवस जगतो, त्यामुळे तो वाटा अगदीच नगण्य म्हणता येत नाही.

गजकर्णाचं मात्र उलट आहे. काही घरांत त्याला नायटा म्हणतात, काही दाद. गोल चट्टा, कडेला लाल, मध्ये जरा साफ, आणि खाज अशी की वर्गात बसवत नाही. ही बुरशी आहे, भिंतीवर पावसाळ्यात येते तशीच वाढणारी, फक्त हिचं खाणं आपली कातडी, केस आणि नखं. चट्ट्यावरून पडणाऱ्या कोंड्यात तिचे बीजकण असतात आणि ते कापडावर कित्येक महिने टिकतात. आता ओला टावेल डोळ्यांसमोर आणा. कातडीचा कोंडा आहे, ओल आहे, आणि टावेल खोलीतल्या दोरीवर दुमडून पडलाय. बुरशीला याहून चांगली जागा कुठली? वैशाखात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, टावेल अर्ध्या तासात कडक होतो. आत्ता जुलैत तोच टावेल दुसऱ्या दिवशी सकाळीही दमट असतो. म्हणूनच हे भाषण आज आहे, मे महिन्यात नाही.

तर टावेलाचं काय करायचं.

प्रत्येकाचा टावेल वेगळा, आणि ओळखू येईल असा. दोरीवर बारा टावेल, त्यातले सात लाल चौकड्यांचे, सगळे एकाच बाजारातले. अंधारात पहाटे कुणाचा हात कुठे पडेल सांगता येत नाही. कोपऱ्याला रंगीत दोऱ्याने आपला हजेरी नंबर शिवून घ्या. पेनाने लिहू नका, चार धुण्यांत जातो. दोन टावेल एकमेकांना चिकटणार नाहीत इतकं अंतर ठेवा, एक वीत पुरे. दुमडून टाकायचा नाही, पूर्ण पसरायचा. आंघोळीनंतर आधी तोंड, मग हात-पाय आणि अंग, जांघा सगळ्यात शेवटी. जांघेत गजकर्ण असेल आणि त्याच टावेलाने वर तोंडापर्यंत आलात तर आजार तुम्हीच वर चढवला. बोटांच्या आणि जांघेच्या खाचा कोरड्या झाल्याशिवाय कपडे घालू नका, आणि ओली चड्डी "अंगावर सुकेल" म्हणून घालणं तर बंदच करा.

टावेल तीन दिवसांत एकदा तरी साबणाने धुवा. ज्याला चट्टे आहेत त्याने रोज, आणि त्याचे कपडे वेगळ्या बादलीत. सगळ्यांचं धुणं एकाच बादलीत भिजत घातलं तर बीजकण साबणाच्या पाण्यातून एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात. वसतिगृहात बंब आहेच. त्यातलं कडक गरम पाणी, साबणाची पूड, आणि अर्धा तास भिजवण. धुतल्यावर ऊन असेल तर उलटा करून उन्हात. ऊन नसेल तर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा, शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जरा जास्त वेळ, कारण बुरशी तिथेच दडून बसते.

कबड्डीच्या संघाला एक खास सूचना. मैदानाच्या कडेला एक टावेल असतो आणि सातही जण त्यालाच तोंड पुसतात. गुडघे-कोपरं खरचटलेली असतातच. त्या जखमांत टावेलावरून जंतू गेले की पुळ्या येतात, केसतूड होतं, किंवा मधासारखी पिवळी खपली धरते. लहान मुलांच्या नाकाखाली आणि ओठांभोवती अशी खपली दिसली तर ते साधं तोंड येणं समजू नका, दवाखान्यात दाखवा. डोळे येण्याची साथही टावेलावरून अशीच फिरते. सात खेळाडूंना सात रुमाल. जखम झाली की आधी साबण-पाण्याने धुवा, झाका, मग खेळा. माती लावू नका, हळद कोंबू नका.

आता कंगवा. मुलींनो, उवांसाठी सगळा दोष कंगव्याला देऊ नका. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, ती केसांवरून केसांवर चालत जाते. डोक्याला डोकं लावून बसणं हे तिचं मुख्य वाहन. कंगवा, फणी, रिबन, स्कार्फ, टोपी हा दुसरा मार्ग. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते, पण सकाळच्या घाईत एकच कंगवा चार वेण्यांतून फिरायला दहा मिनिटं लागतात. डोक्याच्या गजकर्णाला मात्र कंगवा चांगलाच मदत करतो. केस मुळाशी तुटतात, गोल टक्कल पडतं, वर पापुद्रे. ते वरून मलम लावून जात नाही, डॉक्टरांनी दिलेली पोटातली गोळी काही आठवडे घ्यावीच लागते. अशा मुलाचा जुना कंगवा फेकून द्या.

बाकीचे कंगवे आठवड्यातून एकदा धुवा. दात्यांतले केस काढा, जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा, मग गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पाणी उकळत असताना घालू नका, प्लास्टिकचा कंगवा वाकतो आणि घरी बोलणी बसतात. भांडं खाली उतरवून थोडं थांबा. हात घालवणार नाही इतकं गरम पुरे. उवांचं औषध लावलं असेल तर साधारण आठवड्याने पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा नंतर फुटतात. रॉकेल डोक्याला लावायचं नाही. त्याने डोकं भाजतं, आणि शेजारी चूल असेल तर पुढचं सांगायला नको.

आता ब्लेड. नववीपुढच्या मुलांना मिसरूड फुटतंय. मोठ्या भावाचं रेझर गुपचूप वापरलं जातं, एकाच रेझरने तिघे मिशी काढतात. मुलीही हाता-पायांसाठी रेझर वापरतात, ते एकमेकींना देतात. ब्लेड कातडीवर बारीक चिरा पाडतं. डोळ्यांना रक्त दिसत नाही तेव्हाही. त्यावरून पुळ्या येतात, चामखीळ पसरते, आणि रक्तातले आजारही लागू शकतात. हेपॅटायटिस बी, म्हणजे यकृताची कावीळ, तिचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. बी ची लस आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणीच मिळाली असेल, घरी लसीकरणाचं कार्ड बघा. सी प्रकाराला लस नाही. एक नवं ब्लेड वडापावापेक्षा स्वस्त पडतं.

सलूनमध्ये काय बघायचं? पाकिटातलं नवं ब्लेड तुमच्या समोर उघडलं पाहिजे आणि तुमच्या समोर टाकलं पाहिजे. मानेवरचे केस साफ करायलाही तेच लागतं, म्हणून पाचवीच्या पोरांनीसुद्धा बघायचं. दाढीनंतर चेहऱ्यावर जी तुरटी फिरवतात ती दिवसभरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर फिरलेली असते. तुरटी जंतू मारते असं समजून कोणी ती घासू देऊ नका. "काका, तुरटी नको" एवढं म्हणा. गळ्याला बांधायचा टावेल घरून न्या. दहाव्याला नदीकाठी भाऊबंदांचे केस ओळीने काढले जातात, जत्रेत लेकरांची जावळं निघतात. तिथेही दर माणसाला नवं ब्लेड मागायला घरातल्या मोठ्यांना सांगा. नाभिक काका रागावत नाहीत. त्यांच्याही बोटांना ब्लेड लागतंच.

एवढं करूनही आजार झाला तर? मेडिकलवरून "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी आत मोकाट पसरते. चार महिन्यांनी चट्टे चौपट होतात आणि साधं औषध लागू पडेनासं होतं. डॉक्टरांनी दिलेलं मलम चट्ट्याच्या कडेपासून बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत मलम लावणं थांबवू नका.

खरजेच्या औषधाचं तंत्र वेगळं. पर्मेथ्रिन मलम रात्री गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत, बेचक्या आणि नखांखालीसुद्धा, आणि सकाळी आंघोळ. सात दिवसांनी पुन्हा. एकाच दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी, ज्यांना खाज नाही त्यांनीही. त्या दिवशी वापरातले कपडे, चादरी, टावेल गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम चोपडू नका. आणि ज्याला खरूज आहे त्याला "खरजुल्या" म्हणून हाक मारणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लाजेने तो लपवेल आणि मग ती तुमच्याच अंथरुणापर्यंत येईल.

बुधवारी आमचं पथक इथेच तपासणी करणार आहे. आठवीपासून सुरुवात, मुलींना महिला डॉक्टर तपासतील, पडदा असेल. नखं कापून या. कुठे चट्टा असेल तर त्यावर आदल्या दिवशी काही लावू नका, नाहीतर आम्हाला ओळखता येत नाही. घरी पडलेली ट्यूब असेल ती मात्र सोबत आणा. वसतिगृहातल्या मुलांनी आत्ता ओळीत थांबायचं. बाईंकडे सुया आहेत, पाच रंगांचा दोरा आहे. टावेल आणायला जा, नंबर घालायचाय.