‘हृदयस्पर्शी’ खोडल्यावर : ‘श्यामची आई’, दुसऱ्यांदा

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी ‘श्यामची आई’वर एक पान लिहून दिलं होतं. ते असं :

“साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे मराठी साहित्यातील एक अजरामर लेणे आहे. कोकणातल्या गरीब कुटुंबात वाढणाऱ्या श्यामवर त्याच्या आईने केलेल्या संस्कारांची ही हृदयस्पर्शी कहाणी. श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. आई त्याला फुलांवर, मुक्या प्राण्यांवर, गोरगरिबांवर प्रेम करायला शिकवते. पुढे कर्जामुळे घराला वाईट दिवस येतात व अखेर आईचे निधन होते. भाषा साधी, सोपी, ओघवती. वाचताना डोळ्यांच्या कडा ओलावल्याशिवाय राहत नाहीत. प्रत्येक घरात असावे असे पुस्तक.”

ग्रंथपाल बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, “पुस्तक शेवटचं कधी वाचलंत?” मी म्हटलं, सातवीत. “डोळ्यांच्या कडा तेव्हा ओलावल्या का?” खरं सांगायचं तर तेव्हाही नाही. शाळेने वाचायला लावलं होतं, वर निबंध लिहायचा होता. बाईंनी कपाटातून प्रत काढून माझ्या हातात ठेवली, माझं पान तीत खूण म्हणून घातलं आणि दुसऱ्या बाईंच्या पावत्या करायला लागल्या.

पाच संध्याकाळी वाचून झालं. आता जे लिहिते आहे त्यात गोष्ट पुन्हा सांगत नाही. ती सगळ्यांना ठाऊक आहे, निदान आपल्याला ठाऊक आहे असं तरी सगळ्यांना वाटतं.

आधी तक्रार. या पुस्तकात प्रवचन फार आहे. प्रसंग रंगात येतो आणि श्याम थांबून संस्कृती, संयम, त्याग यांवर बोलू लागतो. तिसऱ्या संध्याकाळपासून ते परिच्छेद मी डोळ्यांनी उडवायला लागले, आणि त्याची लाज वाटली नाही. गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात 1933च्या फेब्रुवारीत लिहायला घेतलं आणि 9 तारखेपासून 13 तारखेच्या पहाटेपर्यंत त्याचा बहुतेक भाग लिहून काढला, हे कळल्यावर राग थोडा निवला. मला वाचायला लागले तेवढेच दिवस! तेहतीस वर्षांचा मुलगा, आई जाऊन वर्षं लोटलेली, आणि समोर कोरे कागद. असा माणूस आवरून लिहिणार नाही. तरी चाळीसेक पानं कमी असती तर बरं झालं असतं, हे मत कायम.

आणि रडण्याचं. 1953 साली अत्र्यांनी काढलेला चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला होता. तेव्हापासून पुस्तकातली आईसुद्धा मला पांढऱ्या-काळ्या रंगात, पदर डोळ्यांना लावलेली दिसायची. पुस्तकातली बाई तशी नाही. ती फटकळ आहे, आणि हातही उचलते. पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला शोधून काढते आणि शिंपटीने झोडत बाहेर आणते. ‘फुलांवर, मुक्या प्राण्यांवर’ प्रेम असं लिहिणाऱ्या मला हे आठवतच नव्हतं. ती मारते ते लोक तिच्या मुलाला भित्रा म्हणू नयेत म्हणून, आणि मग स्वतःच कळवळते. दोन्ही एका दिवसात. माझ्या लहानपणी माझी आई अशीच होती, त्यामुळे हे मला महान वगैरे वाटलं नाही, ओळखीचं वाटलं.

पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. आता अठराव्या रात्रीबद्दल, म्हणजे ‘अळणी भाजी’बद्दल. त्या चार पानांत मी एक अख्खी संध्याकाळ अडकले.

आईने पाल्याची भाजी केली आहे आणि मीठ घालायला विसरली आहे. वडील, ज्यांना घरात ‘भाऊ’ म्हणतात, पहिल्या घासालाच ओळखतात आणि काही बोलत नाहीत. उलट भाजीची तारीफ करतात. ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळे जेवून उठतात. मग आई जेवायला बसते, पहिला घास घेते, आणि तिला कळतं.

शाळेत याचं तात्पर्य फळ्यावर लिहिलं होतं : वडिलांचा संयम. या वेळी मला वडिलांचा संयम दिसण्याआधी ताटांचा क्रम दिसला. तिला कळायला एवढा वेळ का लागला? कारण ती शेवटी जेवते. ती पहिल्या पंगतीला असती तर ही गोष्टच घडली नसती. मी पुस्तक पालथं घालून तशीच बसून राहिले. पंचवीस वर्षं मी सुद्धा शेवटी बसते. कोणी बसवत नाही, पोळ्या गरम वाढायच्या असतात म्हणून. मीठ कमी पडलं तर आमच्याकडे कोणी गप्प बसत नाही, ते वेगळं.

रविवारी आईला फोन केला तेव्हा हे सांगितलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरीच असते. ती म्हणाली, “अगो, देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं ना. कळणार कसं तिला?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भाजी ढवळता ढवळता चमच्याने तळहातावर घेऊन चाखते. जिला चाखायचीच बंदी, तिने रोज नुसत्या अंदाजाने मीठ घालायचं आणि एक दिवस चुकलं तर ते सगळ्यांच्या शेवटी कळायचं. आईचं पुढचं वाक्य : “आणि तारीफ केली ते वाईट. तारीफ केली नसती तर तिने विचारलं असतं.”

माझ्या मते वडील चांगले वागले, आणि त्या चांगुलपणामुळे तिला जास्त लागलं. कष्ट करून आलेल्या माणसाला आपण नीट वाढलं नाही, ही तिची चुटपुट आहे. मला सांगितलं का नाही, असं ती विचारते. गुरुजीही तिथे थोर कोण, ते की ती, असा प्रश्न टाकतात आणि दोघांनाही थोर ठरवून मोकळे होतात. मला तिचा प्रश्न पुरेसा होता.

मिठाचं एवढं मनात राहिलं म्हणूनच बहुधा छत्तिसावी रात्र आली तेव्हा मी मथळ्याशीच थांबले. ‘तेल आहे तर मीठ नाही.’ अठराव्या रात्री घरात मीठ होतं, घालायचं राहिलं होतं. छत्तिसाव्या रात्री ते घरातच नाही. मधल्या पानांत हे घर किती खाली आलं, हे मला कर्जाच्या आकड्यांनी कळलं नसतं तेवढं या दोन मथळ्यांनी कळलं. गुरुजींनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पाच दिवसांत लिहिणाऱ्याला असली जुळणी करायला सवड कुठली! पण ते तिथे आहे.

बत्तिसावी रात्र मी दोनदा वाचली. सावकाराचा माणूस वसुलीला आलेला, ओसरीवर बसलेला. पैसे नाहीत म्हटल्यावर तो भाऊंना म्हणतो, बायको विका. आत स्वयंपाकघरात ते ऐकू येतं आणि ती बाहेर येते. ओसरीवरून चालता हो, असं त्याला सांगते. सातवीत मी हा प्रसंग ‘स्वाभिमानी आई’ म्हणून उत्तरात लिहिला होता.

आमच्या पडवीतही एक माणूस असा येऊन बसायचा. वडिलांनी एका ठिकाणाहून विहिरीसाठी कर्ज काढलं होतं, पाणी लागलं नाही. तो माणूस वाईट बोलायचा नाही. चहा प्यायचा, पंचनाम्याला आल्यासारखा घराच्या वाशांकडे बघायचा आणि पुढच्या महिन्याची तारीख सांगून जायचा. तो असेपर्यंत आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे, आणि भांडी मात्र नेहमीपेक्षा जोरात आपटत असत. त्यामुळे श्यामची आई ओसरीवर येते त्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. तिचं बोलणं बाणेदार आहे म्हणून नाही. तिला आतून बाहेर यायला किती पावलं टाकावी लागली असतील, ते मला माहीत आहे म्हणून. बोलून झाल्यावर ती आत जाते आणि रडते. माणूस गेला तरी कर्ज तिथेच आहे.

एक ठिकाण पटलं नाही, तेही लिहायला हवं. पंचविसाव्या रात्री एका म्हाताऱ्या महारणीची मोळी डोक्यावरून पडते आणि कोणी शिवायला तयार नसतं. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. श्यामच्या गावात, त्या काळच्या पालगडात, मोळी उचलून देणं किती मोठं होतं ते मी समजू शकते. तरी ती आंघोळ घशात अडकते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला हे पुस्तक ‘प्रत्येक घरात असावे’ म्हणून मी देऊ शकेन का? तिची आजी मोळ्या विकायची. मी जुन्या मजकुरात ‘गोरगरिबांवर प्रेम’ असं लिहून या पानावरून तरंगत निघून गेले होते. गुरुजींना मात्र ते पुरेसं वाटत नव्हतं, हे त्यांनी पुढे 1947 साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण करून दाखवलं. आंघोळीपासून उपोषणापर्यंत तो मुलगा कसा गेला, हे या पुस्तकात नाही. मला ते वाचायला आवडलं असतं.

शेवटाबद्दल थोडंच. श्याम घरी पोचतो तेव्हा आईची राख झालेली असते. मी रडेन असं वाटलं होतं, रडले नाही. रडू आलं ते आधीच, अठराव्या रात्री, आणि तेही रागाचं.

कोणाला द्यावं? शाळेतल्या मुलाला तात्पर्य लिहायला देऊ नये एवढं नक्की. चाळिशी ओलांडलेल्या, घरात हिशेबाची वही ठेवणाऱ्या बाईला द्यावं. पुरुषांनी वाचायचं तर बत्तिसावी रात्र भाऊंच्या जागी बसून वाचावी. ओसरीवर बायको बोलते तेव्हा ते कुठे बघत असतील, याचा विचार मी अजून करते आहे.

वाचनालयाच्या प्रतीत अठराव्या रात्रीच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं आहे. माझं नाही, जुनं आहे. पुस्तक परत करताना बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “माझंच असेल.” आणि माझ्या पहिल्या पानाची घडी मला परत दिली.